पाचवा नंबर

जानेवारीतली सकाळ, मनीषनगरातली एक गल्ली. नागपुरात या दिवसांत सूर्य उगवायला पावणेसात उलटून जातात, त्यामुळे साडेसहाला व्हॅन येते ती दिवे लावूनच. आतून काचा घामेजलेल्या, त्यावर कुणा पोराने बोटाने काढलेला पतंग, डॅशबोर्डावर टेकडीच्या गणपतीचं स्टिकर आणि त्याखाली सेलोटेपने चिकटवलेला एक कागद. नात आत चढली, दप्तर मागच्या सीटखाली गेलं आणि आजी खिडकीशी वाकून म्हणाली, “भाऊ, उद्यापासून थोडं उशिरा या जी. पावणेसातच्या पुढं.” इंजिन सुरू होतं, मागून दुधाची गाडी हॉर्न देत होती, आत दोन पोरं खिडकीच्या जागेवरून भांडत होती. ड्रायव्हर म्हणाला, “हो जी आजी,” आणि गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी व्हॅन सहा बत्तीसलाच आली. दोनदा हॉर्न वाजला, दीड मिनिट गेलं, आणि गाडी पुढच्या गल्लीत वळली. पावणेसातला दुसरीतली ती मुलगी, समजा ओवी, कानटोपी घालून खाली उतरली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. सव्वासातपर्यंत बसून होती. शेवटी बाबांनी बाइक काढली, पण तोवर शाळेचं गेट बंद व्हायची वेळ झाली होती. संध्याकाळी ड्रायव्हरला विचारलं तर तोही खोटं बोलत नव्हता. “मले वाटलं थंडीपुरतं सांगून राहिल्या आजी. आणि पावणेसातच्या पुढं म्हणजे किती, तेच समजलं नाही. तेव्हा तर मी वर्धा रोडच्या पार असतो.”

आजी सांगून मोकळी झाली होती, ड्रायव्हर हो म्हणून मोकळा झाला होता. पायरीवर बसलेली मुलगी मात्र काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

आपल्याकडे शाळेच्या व्हॅनची वेळ ही दूधवाल्याच्या वेळेसारखी धरली जाते. दूधवाल्याला सांगितलं की उद्यापासून सातला टाका, तर तो सातला टाकतो, कारण आधी कुणाकडे जायचं नि नंतर कुणाकडे, हे त्याच्या हातात असतं आणि शेवटी कुठलं गेट बंद होणार नसतं. व्हॅनचं उलटं आहे. तिची प्रत्येक वेळ शाळेच्या गेटापासून मागे मोजत आलेली असते. ओवीच्या व्हॅनचंच घ्या. बारा मुलं, नऊ थांबे. शाळा धरमपेठेकडे, घंटा साडेसातची, गेट सात पंचवीसला बंद. ड्रायव्हर हिशेब धरतो सात अठराला पोचायचा, म्हणजे कुणाचा बूट सापडला नाही, कुठे सिग्नल लांबला, तर हाताशी सात मिनिटं उरतात. तिथून मागे या: बजाजनगर सात सात, लक्ष्मीनगर सात दोन, छत्रपती चौकाजवळचे दोन थांबे सहा चोपन्न आणि सहा पन्नास. मग उड्डाणपुलावरून रुळांच्या अलीकडे मनीषनगर, तिथे तीन थांबे, सहा चाळीस, सहा छत्तीस, सहा बत्तीस. त्याआधी बेसा, सहा पंचवीस आणि सहा वीस. सहा बत्तीस ही ओवीची. रांगेत तिचा तिसरा नंबर.

आता आजीचं मागणं या कागदावर ठेवून बघा. पावणेसातच्या पुढे म्हणजे घरच्यांच्या मनात सहा पन्नास होतं. सहा पन्नासला व्हॅन छत्रपती चौकात सहाव्या थांब्यावर असते. गाडी ओवीसाठी मनीषनगरातच अठरा मिनिटं उभी राहिली, तर तिच्यानंतरचे सगळे थांबे अठरा मिनिटांनी सरकतात आणि गाडी सात छत्तीसला बंद गेटासमोर येते, बारा मुलांसकट. पुढे जाऊन परत यायचं म्हटलं तर पूल दोनदा ओलांडावा लागतो. रस्त्यात वेग वाढवून वेळ भरून काढावी, हे कुठल्याच आईबापाने मनात आणू नये, आणि वेगनियंत्रक बसवलेली गाडी तसं करूही देत नाही. शिवाय त्या गाडीचा दिवस सात अठराला संपत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय काढला. सगळ्या शाळांनी तो सारखा पाळला नाही. वाहतुकीची अडचण तर पहिल्या दिवसापासून पुढे आली. काही शाळा नऊच्या झाल्या, काही जुन्याच वेळेवर राहिल्या, म्हणून एकच गाडी आता साडेसातच्या पोरांची एक फेरी करते आणि लगेच नऊच्या पोरांची दुसरी. पहिल्या फेरीला लागलेला उशीर दुसऱ्या फेरीतल्या केजीच्या पोरांपर्यंत जातो, ज्यांचा ओवीच्या घराशी काडीचा संबंध नाही.

म्हणून वेळ बदलून मागणं म्हणजे खरं तर रांगेतला नंबर बदलून मागणं असतं. ड्रायव्हरला हे न सांगता कळतं, पण ते बोलून दाखवायची त्याची तयारी नसते. नागपूरचा माणूस तोंडावर नाही म्हणत नाही, त्यातून म्हाताऱ्या माणसाला तर नाहीच. त्याचं “हो जी” म्हणजे तुमचं ऐकलं, एवढंच. मान्य केलं असं त्यात नसतं. खिडकीशी, चालू इंजिनात, मागची गाडी हॉर्न देत असताना मिळालेल्या “हो जी”वर दुसऱ्या दिवशी लेकराला उशिरा उठवणं, चूक झाली ती इथे.

सांगायची वेळ निराळी असते. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, की नऊ-सव्वानऊच्या सुमाराला ड्रायव्हर मंडळी शाळेजवळच्या टपरीवर एकत्र येतात. हातात तर्री-पोह्याची प्लेट, वर कच्चा कांदा नि चणे, बाजूला चहा. तिथून दुपारची सुट्टी होईपर्यंत माणूस मोकळा असतो. फोन करायचा तर तेव्हा, दहाच्या आसपास, खाऊन झाल्यावर. रात्री नऊनंतर नको, त्याला पहाटे पाचला उठायचं असतं. आणि सकाळी सहा ते साडेसात तर मुळीच नको, त्या वेळी त्याने फोन उचलणंच धोक्याचं आहे. आधी एक गोष्ट नीट करून घ्यावी, ती म्हणजे गाडी कुणाची आहे. खासगी व्हॅनमध्ये बहुतेकदा चालवणारा एक आणि मालक दुसरा असतो. तीन-चार गाड्या असलेला मालक थांबे ठरवतो, ड्रायव्हर नुसता चालवतो. गाडी शाळेच्या नावाची किंवा शाळेने ठरवलेल्या कंत्राटदाराची असेल तर ड्रायव्हरलाही नाही आणि मालकालाही नाही, शाळेत वाहतुकीचं बघणाऱ्या माणसाला लिहून द्यावं लागतं. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी, आणि थांबे कुठे असावेत हा तिच्याच कामाचा भाग आहे. ड्रायव्हरने परस्पर थांबा हलवला आणि उद्या काही झालं तर तो बिचारा एकटा अडकतो, हे आपल्यालाही कळायला हवं.

फोनवर काय बोलायचं, यात लोक सगळ्यात जास्त घसरतात ते कारण न सांगण्यात. संकोच वाटतो, आपल्या घरच्या गोष्टी ड्रायव्हरला कशाला. पण कारण सांगितल्याशिवाय खरा आकडा निघत नाही. ओवीच्या घरचं कारण असं होतं की संक्रांत झाली की आजी गावी परत जाणार होती, कायमची. आई दवाखान्यात सकाळच्या ड्यूटीला सहा दहाला निघते. बाबा बुटीबोरीला रात्रपाळी करतात, कंपनीची बस त्यांना वर्धा रोडला सोडते, तिथे लावलेली बाइक काढून ते सहा तेहतीसला घरी पोचतात. मधली तेवीस मिनिटं शेजारच्या काकू ओवीजवळ बसायला तयार होत्या, पण गुडघ्यांमुळे तीन जिने उतरून तिला गाडीत बसवणं त्यांना जमणारं नव्हतं. म्हणजे गरज होती सहा तेहतीसनंतरची कुठलीही वेळ. सहा पन्नास हा आकडा घरात बसून काढलेला होता: बाबांना कधी उशीर होतो, थोडी हाताशी असू दे, आणि सांगताना जरा जास्तच सांगावं, म्हणजे कमी करून मिळेल. भाजी बाजारातली ही रीत इथे अंगावर येते. खरी गरज ऐकली तर ड्रायव्हरच तोडगा काढतो, आणि वाढवलेला आकडा ऐकला तर तो अशक्य म्हणून ते मागणं सोडूनच देतो.

तोडगा असा निघाला. मनीषनगरातल्या तीन थांब्यांत ओवी पहिली होती, ती शेवटची झाली तर? गाडी बेशावरून येताना आधी दुसऱ्या दोघांकडे जाईल, सहा तेहतीस आणि सहा सदतीस, आणि ओवीला घेईल सहा एकेचाळीसला. पण तिची इमारत आतल्या गल्लीत, गल्ली पुढे बंद, उलट्या दिशेने आल्यावर गाडी रिव्हर्स घेऊन बाहेर काढायला दोन मिनिटं जातात. म्हणून ओवीने बाबांचा हात धरून गल्लीच्या तोंडापर्यंत यायचं, औषधाच्या दुकानासमोर. अंतर शंभर पावलांचं. छत्रपती चौकाला गाडी मग सहा एकावन्नला पोचते आणि शाळेला सात एकोणीसला. एक मिनिट जास्त, ते हाताशी ठेवलेल्या सात मिनिटांतून जातं. नऊ मिनिटं उशिराची सोय झाली आणि गेटाशी बिघडलं काही नाही.

तरी हे फुकट झालेलं नाही. मधल्या दोन घरांना तीन-तीन मिनिटं आधी खाली उतरावं लागणार. जानेवारीत, अंधारात, डब्याची शेवटची पोळी तव्यावर असताना तीन मिनिटं म्हणजे काय, हे ज्या घरात सकाळची शाळा आहे त्यांना वेगळं सांगायला नको. ड्रायव्हर त्या दोघांना सांगेलच, पण त्याने सांगणं म्हणजे हुकूम झाला आणि ओवीच्या आईने फोन करून विचारणं म्हणजे विनंती. तिने दोन्ही घरी फोन केला. एक घर लगेच हो म्हणालं. दुसरीकडच्या आजोबांनी विचारलं, “सोमवारपासून करता का जी? या आठवड्यात पोट्ट्याची युनिट टेस्ट आहे.” सोमवार ठरला. तसाही असा बदल सोमवारीच सुरू करणं बरं. शनिवारी बऱ्याच शाळांची वेळ निराळी असते, आणि आठवड्याच्या मधे बदल केला की निम्म्यांना जुनी वेळ लक्षात राहते नि निम्म्यांना नवी.

मग लिहिणं आलं. आपल्या मराठीत घड्याळ सांगायचे शब्द फार सुंदर आहेत, पण चालू गाडीच्या आवाजात त्यांचा भरवसा नाही. पावणेसात आणि सव्वासात यांत फरक एका शब्दाचा, प्रत्यक्षात अर्ध्या तासाचा. सहा चाळीसला कुणी “सातला वीस कमी” म्हणतं आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात फक्त सात राहतात. “उद्यापासून” हा शब्दही तसाच फसवा. डिसेंबर-जानेवारीत निम्मी घरं थंडीपुरती थोडी उशिराची वेळ मागतात, म्हणून त्या महिन्यांत ऐकलेलं “उद्यापासून” ड्रायव्हर चार-सहा आठवड्यांचंच धरतो. उरला “उशिरा”. वेळ म्हणजे गाडी थांबायची वेळ की मूल दारातून निघायची? सांगणारी आई दाराची वेळ धरते, ऐकणारा ड्रायव्हर चाकाची. चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली यायला दोन मिनिटं लागतात, आणि रोजची कुरबूर नेमकी त्या दोन मिनिटांवरून होते.

म्हणून आकड्यांत लिहिलेला एकच संदेश, मालकाला आणि ड्रायव्हरला दोघांनाही, आणि व्हॅनच्या ग्रुपवरही:

“ओवी, दुसरी. सोमवार १९ तारखेपासून कायमचा बदल, फक्त थंडीपुरता नाही. सकाळी घ्यायची जुनी वेळ ६:३२, नवीन ६:४१ (गाडी थांबायची वेळ). रांगेत आता तिसरी नाही, पाचवी. थांबा: गल्लीच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानासमोर. दुपारी सोडायची वेळ, जागा आणि नंबर पूर्वीचाच. बरोबर असेल तर नवीन वेळ लिहून कळवा.”

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. “ठीक आहे” किंवा अंगठा आला तर ते पुन्हा “हो जी”च झालं. निळी खूण आली म्हणजे फक्त वाचलं. त्याने स्वतः “६:४१, दुकानासमोर” असं लिहिलं की समजावं, आकडा त्याच्या हातातून एकदा गेला. लिहायचा कंटाळा असेल तर फोनवर बोलून घ्यावं, पण वेळ त्याच्या तोंडून यायला हवी.

दुपारचं वाक्य लोक हमखास गाळतात. परतीच्या फेरीत ड्रायव्हर सकाळची रांग उलटी फिरवतो, शाळेजवळचं आधी, लांबचं शेवटी. ओवी सकाळी मनीषनगरातली पहिली होती तेव्हा दुपारी तिथली शेवटची उतरायची, एक अडतीसला. सकाळी ती शेवटची झाली आणि ड्रायव्हरने सवयीने तीच रांग उलटी केली, तर दुपारी ती तिघांत पहिली उतरणार, साधारण एक एकोणतीसला. बाबा रात्रपाळी करून झोपलेले, त्यांचा गजर दीडचा. एका मिनिटाच्या चुकामुकीत सात वर्षांची मुलगी बंद फाटकासमोर उभी. सकाळच्या बदलाने बिघडतं ते असं दुपारी, आणि सकाळ सुरळीत झाली म्हणून तिकडे कुणाचं लक्षही नसतं.

यापुढचा धोका उशिरा येतो. पहिले आठ-दहा दिवस सगळं जमून जातं, कारण रोजच्या ड्रायव्हरच्या डोक्यात बदल बसलेला असतो. मग एखाद्या दिवशी त्याला ताप येतो, किंवा गावी लग्न निघतं, आणि मालक बदली ड्रायव्हर पाठवतो. बदली ड्रायव्हरला ना ग्रुप माहीत ना आजी. त्याला माहीत असतो तो डॅशबोर्डावरचा कागद, आणि त्यावर जुनीच वेळ असते. त्या दिवशी पुन्हा सहा बत्तीसला गल्लीत दोन हॉर्न, पुन्हा पायरी. म्हणजे बदल झाला की नाही हे ड्रायव्हरच्या बोलण्यावरून कळत नाही, त्या कागदावरून कळतं. पहिल्या आठवड्यात मुलाला चढवताना एकदा आत डोकावून बघावं. जुना आकडा खोडून वर बारीक अक्षरात नवा लिहिला असेल तरी तो अंधारात वाचता येत नाही. कागद नवीन हवा. ओवीच्या आईने तो घरी लिहून दिला, नऊ थांबे, जाड स्केचपेनने, प्रत्येक ओळीत आधी नंबर, मग नाव, मग वेळ, आणि मालकाकडून एकदा तपासून घेतला. मदतनीस ताईलाही एक प्रत दिली, कारण ड्रायव्हर बदलला तरी ती सहसा बदलत नाही.

कागदावर वेळेच्या आधी नंबर लिहिण्यामागे आणखी एक विचार आहे. नागपुरात शाळेचं घड्याळ वर्षातून अनेकदा हलतं. मार्च-एप्रिलमध्ये उन्हामुळे सगळं अलीकडे येतं, विदर्भातल्या शाळा उरलेल्या महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात, तेव्हा नव्या मुलांमुळे यादी परत मांडली जाते. सहा एकेचाळीस त्या गोंधळात टिकत नाही. उन्हाळी शाळा सुरू झाली की मालक सगळ्या वेळा सरसकट अलीकडे आणतो. तेव्हा “आमची सहा एकेचाळीस ठरली होती” या म्हणण्याला अर्थ उरत नाही. पण “मनीषनगरातली शेवटची, एकूण पाचवी” हे घड्याळ हललं तरी हलत नाही. म्हणून कायमचा बदल सांगताना वेळ तर सांगावीच, पण धरून ठेवावा तो नंबर. आणि शाळेचीच वेळ अर्धा तास अलीकडे आली, तर पाचव्या नंबरावरही बाबांच्या आधीच गाडी येईल, हेही ओळखून असावं. तेव्हा हा तोडगा संपतो. मग ओवीला काकूंकडून खालपर्यंत आणायला दुसरं कुणी बघायचं, नाहीतर गाडी बदलायची. ड्रायव्हरकडे याहून जास्त मागता येत नाही.

महिनाभराने एक सकाळ. थंडी ओसरलेली, पण गाडीच्या आत अजून नीट उजेड पोचलेला नव्हता. औषधाच्या दुकानाचं शटर बंद, त्याच्या पायरीशी ओवी आणि तिचे बाबा, अंगावर कंपनीचं जॅकेट, हातात बाइकची किल्ली. सहा एकेचाळीसला व्हॅन वळली, चालवणारा नवा होता. त्याने गाडी थांबवली, मोबाइलचा टॉर्च गणपतीखालच्या कागदावर धरला आणि बोट एकेका ओळीवरून खाली नेलं.

“पाचवा… ओवी. हीच ना जी?”

“हो जी,” बाबा म्हणाले, आणि दप्तर आत दिलं.